गटाचा व्हिडिओ गिऱ्हाइकाला सापडावा म्हणून काय लिहायचं? बचत गटांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

चंदगड भागातल्या ग्रामसंघाच्या बैठकीत यूट्यूबवरच्या व्हिडिओखाली काय लिहायचं यावर मी बोलले. बोलणं तासाभराचं होतं, प्रश्न त्याहून जास्त वेळ चालले. त्यातले पुन्हा पुन्हा आलेले प्रश्न आणि त्यांची उत्तरं इथे लिहून ठेवली आहेत. उदाहरण सगळीकडे एकच घेतलं आहे, नाचणीच्या सत्त्वाचं, कारण समोर बसलेल्या बऱ्याच जणींचा माल तोच होता. पापड, मसाला, कोकम करणाऱ्या गटांनी नाचणीच्या जागी आपला माल धरून वाचावं.

व्हिडिओ चांगला काढला आहे, उजेड आहे, आवाज आहे. तरी कुणी बघत का नाही?

बहुतेक वेळा कारण टायटलमध्ये सापडतं. बैठकीत मोबाइल पुढे करून जे व्हिडिओ दाखवले गेले, त्यांची टायटलं अशी होती: ‘आमच्या गटाचे उत्पादन’, ‘महिला बचत गट स्टॉल’, आणि एक तर चक्क VID_2024 असं सुरू होणारं. तुम्ही टायटल लिहिलं नाही तर यूट्यूब फाइलचं नावच टायटल म्हणून ठेवतो, त्यामुळे हा शेवटचा प्रकार वाटतो त्यापेक्षा खूप दिसतो.

आता पुण्यातल्या एखाद्या बाईला नाचणीचं सत्त्व हवं आहे. ती शोधायच्या पट्टीत काय टाइप करेल? तुमच्या गटाचं नाव तिला माहीतच नाही. ‘उत्पादन’ हा शब्द सरकारी फॉर्ममध्ये असतो, गिऱ्हाइकाच्या तोंडी नसतो. ती लिहिणार ‘नाचणी सत्व’, किंवा इंग्रजी अक्षरांत nachni satva. हे दोन शब्द तुमच्या टायटलमध्ये नाहीत, खालच्या लिखाणात नाहीत, मग यूट्यूबनं तुमचा व्हिडिओ तिच्यापुढे का ठेवावा? व्हिडिओत काय आहे याचा थोडाफार अंदाज यंत्र बांधतं, पण टायटल आणि डिस्क्रिप्शन, म्हणजे व्हिडिओखालचं लिखाण, हा त्याला मिळणारा सगळ्यात सरळ पुरावा असतो.

मग टायटल नेमकं कसं लिहायचं?

मालाचं नाव अगदी सुरुवातीला. त्यानंतर या व्हिडिओत काय दाखवलं आहे ते. गटाचं नाव घालायचंच असेल तर सगळ्यात शेवटी, आणि जागा उरली तर.

टायटलला 100 अक्षरांची मर्यादा आहे, पण ही मोजणी आपल्यासारखी नसते. ‘नाचणी’ आपल्याला तीन अक्षरं दिसतात, मोबाइल ती पाच मोजतो: न, काना, च, ण आणि दीर्घ वेलांटी. जोडाक्षरात पाय मोडल्याचाही एक आकडा जातो. म्हणून मराठी टायटल आपल्या अंदाजापेक्षा लवकर भरतं. शिवाय 100 भरली म्हणून ती सगळी दिसतात असंही नाही. यादीत टायटल मध्येच तोडून पुढे टिंबं येतात, म्हणून महत्त्वाचे शब्द पहिल्या चाळीसेक अक्षरांत यायला हवेत.

बैठकीत एका गटाचं टायटल आम्ही सगळ्यांनी मिळून बदललं. आधी होतं: ‘आमच्या गटाचे उत्पादन नक्की बघा’. व्हिडिओत काय होतं? नाचणी भिजवणं, मोड आणणं, वाटणं, फडक्यातून गाळणं, वाळवणं. म्हणून नवीन टायटल असं ठरलं:

‘नाचणी सत्व घरी कसं करतात | मोड आणण्यापासून वाळवण्यापर्यंत | Nachni Satva’

पहिला तुकडा मोबाइलच्या मोजणीनं 24 अक्षरांचा आहे, म्हणजे तो कुठेही तुटत नाही. शेवटी इंग्रजी अक्षरांतलं नाव आहे ते दाखवायला नव्हे. मराठी बोलणारे कितीतरी लोक मोबाइलवर इंग्रजी अक्षरांतच टाइप करतात.

‘नक्की बघा’, ‘एक नंबर’, ‘शुद्ध आणि सात्त्विक’ असं लिहिलं तर लोक ओढले जाणार नाहीत का?

हे शब्द घालून कुणी शोधत नाही. जागा मात्र खातात.

शुद्धलेखनाप्रमाणे ‘सत्त्व’ बरोबर आहे ना? मग टायटलमध्ये ‘सत्व’ का?

बरोबर ‘सत्त्व’च, आणि पाकिटावर तसंच छापा. पण दुसरा त टाइप करण्याच्या भानगडीत फार कमी लोक पडतात. टायटलमध्ये गिऱ्हाइकाचं लेखन ठेवा आणि डिस्क्रिप्शनमध्ये एकदा बरोबर रूप येऊ द्या. दोन्ही जुळतात.

यापेक्षा मोठा प्रश्न नावांचा आहे. आपल्याकडे नाचणी किंवा नाचणा, नाशिककडे पेठ-सुरगाण्यात नागली, कर्नाटकात आणि शहरातल्या दुकानांत रागी. तुमचा माल चंदगडचा असला तरी विकत घेणारी नाशिकची असू शकते आणि ती ‘नागली’च लिहिणार. म्हणून डिस्क्रिप्शनमध्ये एक सरळ वाक्य येऊ द्या: ‘नाचणीला काही भागांत नागली म्हणतात, दुकानात रागी या नावानंही मिळते.’ नुसती नावांची माळ लावण्यापेक्षा असं वाक्य माणसालाही वाचता येतं आणि यंत्रालाही.

गिऱ्हाईक काय टाइप करतं हे आपल्याला कसं कळणार?

यूट्यूब उघडा, शोधायच्या पट्टीत ‘नाचणी’ लिहा आणि पुढे काहीच न लिहिता थांबा. खाली यादी येते. लोक खरोखर जे शोधतात त्यावरूनच ती बनते. मग ‘नाचणी सत्व’ लिहून बघा, मग इंग्रजी अक्षरांत, मग ‘नागली’ लिहून. आलेलं सगळं वहीत उतरवा. एक काळजी घ्या: आपल्या मोबाइलवर आपणच आधी जे शोधलेलं असतं तेही मध्ये येतं, म्हणून ब्राउझरच्या इनकॉग्निटो खिडकीतून किंवा घरातल्या दुसऱ्या कुणाच्या मोबाइलवरूनही एकदा बघा.

दुसरी जागा म्हणजे तुमचं व्हॉट्सॲप. गिऱ्हाइकांनी आजवर जे विचारलं ते तिथे त्यांच्याच शब्दांत पडलेलं असतं. ‘हे पीठ आहे का सत्त्व?’, ‘गुठळ्या होतात, काय करू?’, ‘किती दिवस टिकतं?’ यातल्या एकेका प्रश्नाचा एकेक व्हिडिओ होतो आणि तो प्रश्न हेच त्याचं टायटल.

कृतीचा व्हिडिओ टाकला तर लोक शिकून घरीच करतील. मग आपलं कोण घेणार?

हा प्रश्न जिनं विचारला तिनं मुद्द्याला हात घातला, म्हणून याला जरा जास्त जागा देते.

‘नाचणी सत्व कसं करायचं’ असं शोधणाऱ्या बाईला ते करायचं आहे, घ्यायचं नाही. तिनं तुमचा व्हिडिओ पूर्ण पाहिला तरी पाकीट घेईलच असं नाही. रात्रभर भिजवणं, कपड्यात बांधून मोड येण्याची वाट बघणं, वाटून गाळणं, तासन्‌तास निवळायला ठेवून वरचं पाणी अलगद ओतणं आणि मग कडक उन्हात वाळवणं एवढं सगळं बघून काही जणी म्हणतात, यापेक्षा विकत बरं. पण तशा थोड्याच.

‘नाचणी सत्व कसं शिजवायचं’ असं शोधणारीची गोष्ट वेगळी. तिच्याकडे सत्त्व एकतर आहे किंवा ती घ्यायच्या बेतात आहे. संपलं की तिला पुन्हा लागणार. आणि ‘नाचणी सत्व किंमत’, ‘कुठे मिळेल’, ‘घरपोच’ असं लिहिणारी तर पैसे हातात घेऊनच आली आहे. अशा बायका संख्येनं कमी, पण तुमच्या खऱ्या गिऱ्हाईक त्याच.

म्हणून एकाच व्हिडिओत सगळं कोंबू नका. तीन वेगळे व्हिडिओ करा. पहिला कृतीचा, विश्वास बसावा म्हणून. दुसरा शिजवण्याचा: दोन चमचे सत्त्व आधी थंड पाण्यात किंवा थंड दुधात विरघळवून घ्यायचं, मग उकळत्या दुधात ओतत सतत ढवळायचं. सत्त्व थेट गरम दुधात टाकलं तर गुठळ्या होणारच. याचं टायटल: ‘नाचणी सत्व शिजवताना गुठळ्या का होतात | नाचणीची खीर’. तिसरा अगदी छोटा: पाकीट हातात, वजन, भाव, मागवायचं कसं. त्याचं टायटल: ‘नाचणी सत्व घरपोच | 500 ग्रॅम पाकीट | चंदगड, कोल्हापूर’. पहिल्या दोन्ही व्हिडिओंच्या डिस्क्रिप्शनमध्ये तिसऱ्याची लिंक द्या. कृतीचा व्हिडिओ जास्त लोक बघतील आणि फोन तिसऱ्यामुळे जास्त येतील. तेव्हा फक्त बघणाऱ्यांचा आकडा पाहून तिसरा नापास ठरवू नका.

डिस्क्रिप्शनमध्ये किती लिहायचं?

5000 अक्षरांपर्यंत लिहिता येतं. तेवढं कुणी वाचत नाही आणि तेवढं लिहायची गरजही नाही. उघडल्याबरोबर वरच्या दोनेक ओळीच दिसतात, बाकीचं ‘आणखी’वर दाबल्यावर. म्हणून ‘नमस्कार मैत्रिणींनो, आमच्या चॅनेलवर तुमचं स्वागत’ हे त्या दोन ओळींत खर्च करू नका. स्वागत व्हिडिओत तोंडी झालंच आहे.

आमच्या उदाहरणातलं डिस्क्रिप्शन शेवटी असं झालं:

> मोड आलेल्या नाचणीचं सत्व, 500 ग्रॅम. ऑर्डरसाठी गटाचा व्हॉट्सॲप नंबर: (नंबर). महाराष्ट्रात कुरियरनं पाठवतो.
>
> हे नाचणीचं पीठ नाही. नाचणी भिजवून, मोड आणून, वाटून, फडक्यातून गाळून खाली बसलेलं सत्त्व आम्ही उन्हात वाळवतो. साखर, दूध पावडर, रंग, वास काहीही घातलेलं नाही. नाचणीला काही भागांत नागली म्हणतात, दुकानात रागी या नावानंही मिळते.
>
> चंदगड तालुक्यातल्या (जि. कोल्हापूर) महिला बचत गटानं केलेलं. नवीन माल उन्हाळ्यात तयार होतो. पावसाळ्यात वाळवण होत नाही, तेव्हा शिल्लक असेल तेवढंच मिळतं.
>
> एफएसएसएआय नोंदणी क्रमांक: (14 आकडी)

‘हे पीठ नाही’ या वाक्यावर बैठकीत बराच वाद झाला. नकारानं सुरुवात कशाला, असं काही जणींचं म्हणणं. मी ते ठेवायला लावलं. पीठ स्वस्त असतं. गिऱ्हाईक दोन्हींचे भाव शेजारी ठेवून बघतं आणि तुम्ही महाग आहात असं समजून निघून जातं. फरक आधीच सांगितलेला बरा. पावसाळ्याची ओळही तशीच. व्हिडिओ वर्षानुवर्षं तिथेच राहतो, तो बघून ऑगस्टमध्ये कुणी ऑर्डर करेल आणि तुमच्याकडे माल नसेल.

भाव टायटलमध्ये लिहायचा का?

नको. टायटलमधला भाव बदलायचं राहून जातं आणि मग जुन्या भावानं द्या म्हणून फोन येतात. भाव पिन केलेल्या, म्हणजे सगळ्यात वर टाचून ठेवलेल्या कमेंटमध्ये लिहा, सोबत महिना आणि वर्ष. बदलला की तेवढी कमेंट बदलायची.

डिस्क्रिप्शनमध्ये व्हॉट्सॲपची लिंक दिली आहे, पण दाबली तर उघडत नाही. काय चुकलं?

बहुधा काहीच नाही. शॉर्ट्सच्या, म्हणजे छोट्या उभ्या व्हिडिओंच्या, डिस्क्रिप्शनमधल्या आणि कमेंटमधल्या लिंका 31 ऑगस्ट 2023 पासून यूट्यूबनं दाबता येणार नाहीत अशा केल्या आहेत, फसवणूक थांबावी म्हणून. मोठ्या व्हिडिओत बाहेरची लिंक दाबता यावी यासाठी चॅनेलला ओळख पटवण्याची जास्तीची पायरी पार करावी लागते आणि नव्या चॅनेलची ती झालेली नसते. म्हणून व्हॉट्सॲपची wa.me लिंक द्यायची असेल तर द्या, पण नंबर आकड्यांत लिहाच. व्हिडिओच्या शेवटी तो पडद्यावर दाखवा आणि तोंडानंही सांगा.

हा नंबर कुणा एकीच्या घरचा नको, गटासाठी वेगळं सिमकार्ड घ्या. एकदा सार्वजनिक झालेला नंबर परत घेता येत नाही आणि रात्री-अपरात्री नको ते फोन येतात. ही तक्रार बैठकीतच दोघींनी सांगितली.

‘हा व्हिडिओ लहान मुलांसाठी आहे का?’ असं विचारतात. सत्त्व तर मुलंच खातात, म्हणून आम्ही ‘हो’ केलं. बरोबर ना?

नाही, आणि ही गफलत फार गट करतात. माल कोण खातं हा प्रश्नच नाही. व्हिडिओ मुलांनी बघावा म्हणून केला आहे का, एवढंच तिथे विचारलेलं असतं. बडबडगीतं, कार्टून, खेळणी यांसाठी ते आहे. स्वयंपाक करणाऱ्या बाईसाठी केलेल्या व्हिडिओला ‘नाही, मुलांसाठी नाही’ हेच उत्तर.

चुकून ‘हो’ झालं तर पहिला फटका कमेंटना बसतो, त्या बंद होतात. म्हणजे भाव लिहिलेली पिन कमेंटही गेली. बघणारीला तो व्हिडिओ आपल्या यादीत जपूनही ठेवता येत नाही. तुमच्या एखाद्या व्हिडिओखाली कमेंट बंद दिसत असतील तर आधी हीच सेटिंग तपासा. यूट्यूब स्टुडिओत, म्हणजे आपलं चॅनेल सांभाळायच्या ॲपमध्ये, जाऊन ती नंतरही बदलता येते.

बाळाच्या आया हे फार शोधतात. ‘6 महिन्यांच्या बाळासाठी’ असं टायटलमध्ये टाकलं तर?

टाकू नका. हा मोह सगळ्यात मोठा आहे, म्हणून जरा सविस्तर सांगते.

आपल्याकडे 1992 चा एक कायदा आहे, बाळाच्या दुधाचे पर्याय, दुधाच्या बाटल्या आणि शिशुआहार यांबद्दलचा. 2003 साली तो आणखी कडक झाला. आईच्या दुधाला जोड म्हणून सहा महिन्यांनंतर दोन वर्षांपर्यंतच्या बाळाला द्यायचं म्हणून जे विकलं जातं ते त्यात शिशुआहार ठरतं, मग पाकिटावर नाव काहीही असो. आणि शिशुआहाराची जाहिरात करायला त्या कायद्यानं बंदी आहे. म्हणजे तेच सत्त्व ‘खिरीसाठी, घरातल्या सगळ्यांसाठी’ म्हणून विकलं तर ते साधा खाद्यपदार्थ, आणि ‘6 महिन्यांच्या बाळाचा पहिला आहार’ असं टायटल दिलं तर तुम्ही स्वतःच ते शिशुआहारात नेऊन बसवलं. विकणाऱ्याच्या व्हिडिओचं टायटल ही जाहिरातच असते.

थंबनेलवर, म्हणजे यादीत व्हिडिओसाठी दिसणाऱ्या चित्रावर, बाळाचा फोटो नको, टॅगमध्येही ‘बाळासाठी’ नको. कमेंटमध्ये एखादीनं विचारलं, ‘माझ्या आठ महिन्यांच्या बाळाला चालेल का?’ तर ‘हो, बिनधास्त द्या’ असं उत्तर देऊ नका. डॉक्टरांना किंवा अंगणवाडी ताईंना विचारा, एवढंच लिहा. या शब्दांमुळे येणारी गिऱ्हाइकं जातील हे खरं. ती जाऊ द्यावीत असंच माझं मत आहे. खीर, लाडू, आजारातून उठलेल्या माणसाचं हलकं खाणं, आजी-आजोबांचा सकाळचा नाश्ता यांसाठी शोधणारेही आहेतच.

‘मधुमेह बरा होतो’, ‘कॅल्शियमनं भरपूर’ हे लिहायचं का? सगळे लिहितात.

पहिलं अजिबात नाही. खाण्याच्या पदार्थानं आजार बरा होतो असा दावा जाहिरातीत करता येत नाही आणि दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी अन्नसुरक्षा कायद्याच्या कलम 53 मध्ये 10 लाख रुपयांपर्यंत दंड आहे.

दुसऱ्यात एक बारीक खोच आहे. नाचणीच्या 100 ग्रॅम अख्ख्या दाण्यात साधारण 340 ते 365 मिलिग्रॅम कॅल्शियम असतं असं राष्ट्रीय पोषण संस्थेच्या तक्त्यांत दिलं आहे, आणि धान्यांमध्ये हा आकडा खरोखर मोठा आहे. पण तो अख्ख्या दाण्याचा. सत्त्व करताना आपण कोंडा फडक्यावर ठेवतो आणि पाणी ओतून देतो. त्या चोथ्याबरोबर चोथ्यातलं जे काही असतं तेही जातं. म्हणून दाण्याचा आकडा सत्त्वाच्या डिस्क्रिप्शनमध्ये चिकटवणं खोटं ठरतं. आकडा द्यायचाच असेल तर प्रयोगशाळेतून आपल्या सत्त्वाची तपासणी करून घ्या आणि तोच लिहा. ते होत नसेल तर ‘पचायला हलकं, गाळलेलं’ एवढं पुरेसं आहे. आणि हे लिहिलं तर ‘भरपूर फायबर’ मात्र लिहू नका, कारण फायबर तुमच्या फडक्यावरच राहिलं.

टॅग आणि हॅशटॅग किती टाकायचे?

व्हिडिओ सापडण्यात टॅगचा वाटा फार थोडा, असं यूट्यूब स्वतःच सांगतो. टॅगसाठी 500 अक्षरं मिळतात, त्यात चुकीची आणि वेगवेगळी लेखनं टाका: nachani, nachni, nagli, सत्व, सत्त्व. काम झालं. हॅशटॅग दोन-तीन बास. 60 च्या वर गेले तर यूट्यूब त्या व्हिडिओचा एकही हॅशटॅग धरत नाही.

एक गोष्ट मात्र करू नका. डिस्क्रिप्शनच्या तळाशी शंभर शब्दांची रांग लावायची, त्यात गाजलेल्या कंपन्यांची आणि नट्यांची नावं घालायची, असा सल्ला काही जण देतात. ते यूट्यूबच्या नियमांविरुद्ध आहे आणि त्यापायी व्हिडिओ काढला जाऊ शकतो.

थंबनेलवर काय लिहायचं?

तीन-चार शब्द, जाड अक्षरांत, हाताच्या अंतरावरून वाचता येतील असे. ‘गुठळ्या होतात?’ आणि शेजारी चमच्यावरून ओघळणारी खीर. टायटल जसंच्या तसं पुन्हा नको. उजव्या खालच्या कोपऱ्यात यूट्यूब व्हिडिओची वेळ छापतो, तिथे अक्षरं किंवा नंबर ठेवला तर झाकला जातो. माप 1280 बाय 720. स्वतःचं थंबनेल टाकायचा पर्याय दिसत नसेल तर चॅनेलला मोबाइल नंबरची पडताळणी करायची राहिली आहे असं समजा.

व्हिडिओ सहा-सात मिनिटांचा आहे. लोक मधूनच जातात.

डिस्क्रिप्शनमध्ये वेळा लिहा. व्हिडिओचे भाग पडतात आणि जिला फक्त गाळण्याचं बघायचं आहे ती थेट तिथे पोचते.

```
0:00 नाचणी निवडणं आणि भिजवणं
1:10 मोड आणणं
2:25 वाटून फडक्यातून गाळणं
4:05 निवळून पाणी काढणं
5:00 वाळवणं आणि चाळणं
```

पहिली वेळ 0:00 च हवी, निदान तीन वेळा हव्यात, त्या चढत्या क्रमानं असाव्यात आणि प्रत्येक भाग कमीत कमी दहा सेकंदांचा हवा. यातलं एक जरी चुकलं तरी भाग पडत नाहीत आणि कुठे चुकलं ते कुणी सांगतही नाही. बहुतेकदा 0:00 ची ओळ राहिलेली असते.

हिंदी-इंग्रजीतही लिहायचं का?

माल महाराष्ट्राबाहेर पाठवणार असाल तरच. तेव्हाही एकाच टायटलमध्ये तीन भाषा कोंबू नका. स्टुडिओत टायटल आणि डिस्क्रिप्शनचं भाषांतर वेगळं जोडता येतं, मग ज्याच्या मोबाइलची भाषा हिंदी आहे त्याला हिंदी दिसतं. त्याआधी व्हिडिओची मूळ भाषा मराठी निवडलेली आहे ना, ते बघा. ती जागा बहुतेकींनी रिकामी सोडलेली असते.

बदल केला, पण उपयोग झाला की नाही हे कसं ओळखायचं?

यूट्यूब स्टुडिओत ॲनालिटिक्समध्ये लोक व्हिडिओपर्यंत कुठून आले ते दिसतं. त्यात यूट्यूबच्या शोधातून आलेल्यांवर दाबलं की त्यांनी काय टाइप केलं होतं त्याची यादी येते. व्हिडिओ नवा असेल आणि बघणारे थोडे असतील तर ती रिकामी असते, म्हणून काही आठवडे जाऊ द्या. यादीत ‘नाचणी सत्व’ऐवजी ‘नाचणीचे पीठ’ जास्त दिसू लागलं, तर चुकीची माणसं येत आहेत असं समजा आणि टायटल बघा.

दुसरा आकडा म्हणजे थंबनेल समोर आल्यावर शंभरांतले किती जण दाबतात. यूट्यूबच्याच म्हणण्याप्रमाणे निम्म्या चॅनेलांचा हा आकडा 2 ते 10 टक्क्यांच्या मध्ये असतो. तेव्हा तुमचा 4 आला तर रडायचं कारण नाही. व्हिडिओ पुष्कळांसमोर येतो पण कुणी दाबत नाही, तर थंबनेल किंवा टायटल बदला. समोरच येत नसेल, तर शब्द चुकले आहेत. एका वेळी एकच गोष्ट बदला, नाहीतर कशानं फरक पडला ते कळत नाही.

आणि फोन आला की विचारा, ‘ताई, आम्ही कसे सापडलो तुम्हाला?’ उत्तर ऑर्डरच्या वहीत, नावासमोरच लिहा. व्हॉट्सॲप स्टेटस बघून आलेल्या ओळखीच्या आणि शोधून आलेल्या अनोळखी, हे दोन वेगळे रकाने ठेवा. स्टेटस चोवीस तासांत जातं आणि ते शोधून कुणाला सापडत नाही, त्यामुळे व्हिडिओच्या लिखाणाचा हिशोब दुसऱ्या रकान्यावरूनच करायचा.

कमेंटमध्ये भाव विचारतात तेव्हा ‘इनबॉक्स केलं आहे’ असं लिहितो. चालेल?

विचारणारी एक असते, तीच कमेंट वाचून गप्प बसणाऱ्या दहा. उघडच लिहा: ‘500 ग्रॅम अमुक रुपये, कुरियर वेगळं, या नंबरवर पत्ता पाठवा.’

हे सगळं लिहायचं कुणी? आमचं चॅनेल अध्यक्षांच्या मुलाच्या मोबाइलवर आहे.

तो शिकायला किंवा नोकरीला बाहेर गेला की टायटल बदलणंही थांबतं, पासवर्डही त्याच्याबरोबर जातो. गटाच्या नावानं वेगळा जीमेल उघडा, त्याला गटाच्या सिमचा नंबर जोडा आणि चॅनेल त्यावर चालवा. स्टुडिओच्या सेटिंगमध्ये परवानग्यांचा भाग आहे, तिथे अध्यक्ष, सचिव आणि लिहिणारी अशा तिघींना आपापल्या जीमेलवरून काम करायची परवानगी देता येते, पासवर्ड न सांगता. लिहिणारीला एडिटरची परवानगी पुरते. पदाधिकारी बदलले की जुनं नाव काढून नवं घालायचं आणि बँकेतल्या सह्या बदलताना जसा ठराव लिहितो तसा या बदलाचाही ठराव मासिक बैठकीच्या वहीत लिहायचा.